ट्रायल संपताना पुन्हा विचारा

मोफत ट्रायल सुरू करताना कार्डाचा नंबर देणं आता इतकं अंगवळणी पडलंय की तो का मागतात, हे विचारायचंही कुणाला सुचत नाही. सात दिवस फुकट आहे, तर कार्ड कशाला? आठव्या दिवशी पैसे कापता यावेत म्हणून. पैसे घेण्याला माझा विरोध नाही. सेवा वापरली तर तिचे पैसे द्यावेत, चांगल्या सॉफ्टवेअरमागे माणसांचे कष्ट असतात. माझी तक्रार होकार ज्या वेळी घेतला जातो त्या वेळेबद्दल आहे. आपण होकार देतो त्या दिवशी रक्कम शून्य असते, आणि खरी रक्कम जाते त्या दिवशी आपल्याला कुणी विचारत नाही. ही फारकत चुकून पडलेली नाही, ती मुद्दाम तशी आखलेली आहे आणि ती बदलता येते. ट्रायल संपताना कंपनीने ग्राहकाला नव्याने विचारावं, आणि उत्तर आलं नाही तर ते 'नको' असं धरावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे नीट कळायला आधी त्या बटणामागे काय घडतं ते पाहावं लागेल.

समजा, एका बाईंना स्कॅन केलेल्या करारातला मजकूर कॉपी करता येईल अशा स्वरूपात हवा आहे. पंचवीस-तीस पानं आहेत आणि काम एकदाचंच आहे. शोधल्यावर एक ॲप सापडतं. महिन्याची ३ तारीख, रात्रीचे ९ वाजून ४० मिनिटं. स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत 'सात दिवस मोफत' असं लिहिलेलं आहे. खाली दोन चौकटी आहेत, मासिक आणि वार्षिक. वार्षिक चौकट आधीच निवडलेली आहे, पण तिच्यातही ठळक आकडा 'दरमहा इतके' असाच दिसतो. वर्षाचे पैसे एकदम घेतले जातील, ही ओळ त्याखाली फिकट राखाडी रंगात आहे. बाई कार्डाचा तपशील भरतात आणि 'ट्रायल सुरू करा' दाबतात.

हे दाबल्यावर कार्डाचा नंबर बहुतेक वेळा त्या कंपनीच्या सर्व्हरवर जातच नाही. तो पेमेंट गेटवेकडे, म्हणजे कंपनीच्या वतीने कार्डावरचे पैसे घेणाऱ्या मधल्या सेवेकडे जातो. गेटवे तो सुरक्षित ठेवतो आणि त्याच्या जागी एक टोकन, म्हणजे नंबरऐवजी वापरायची सांकेतिक खूण, कंपनीच्या हाती देतो. मग गेटवे व्हिसा किंवा मास्टरकार्डसारख्या कार्डाच्या नेटवर्कमार्फत बँकेला विचारतो की हे कार्ड चालू आहे का. यासाठी शून्य रकमेचा व्यवहार पाठवतात. काही जण अगदी किरकोळ रक्कम रोखून ठेवतात आणि नंतर मोकळी करतात. इथे बँक ओटीपी मागू शकते. बाई मेसेज उघडतात, त्यात रकमेच्या जागी शून्य किंवा नगण्य आकडा दिसतो, आणि त्या निर्धास्तपणे ओटीपी टाकतात.

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळी गोम या ओटीपीत आहे. बँकेचा मेसेज आला की आधी रक्कम बघायची, ही सवय आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं लावून घेतली आहे. आकडा ओळखीचा नसला तर हात आपोआप थांबतो. ऑनलाइन व्यवहारात सामान्य माणसाकडे असलेली ही सगळ्यात भरवशाची राखण आहे. मोफत ट्रायलमध्ये ही राखण जागी असते, पण तिच्यासमोर आकडा येतो तो शून्याचा. तिला अडवायला काही सापडतच नाही. मात्र त्याच क्षणी बँकेकडे आणि नेटवर्ककडे अशी नोंद होते की या ग्राहकाने स्वतः हजर राहून हे कार्ड पुढच्या वसुलीसाठी साठवायला परवानगी दिली आहे. त्या पहिल्या व्यवहाराला एक ओळख क्रमांक मिळतो, आणि पुढची प्रत्येक वसुली त्या क्रमांकाचा हवाला देऊन होते.

या पुढच्या वसुलीला पेमेंटच्या धंद्यात विक्रेत्याने सुरू केलेला व्यवहार म्हणतात. ग्राहक हजर नसतो आणि त्याने हजर असावं अशी अपेक्षाही नसते. म्हणून तिथे साधारणपणे ओटीपी येत नाही, पासवर्ड विचारला जात नाही. रक्कम शून्य असताना पूर्ण तपासणी आणि रक्कम खरी असताना फक्त जुन्या तपासणीचा हवाला, असा हा उलटा क्रम आहे. वीजबिलासारख्या गोष्टीत तो चालून जातो, कारण सेवा सतत हवी हे ग्राहकाने आधीच ठरवलेलं असतं. ट्रायलमध्ये नेमकं तेच ठरलेलं नसतं. ठरवण्यासाठीच तर माणूस ट्रायल घेतो.

आता त्या बाईंकडे परत येऊ. काम दुसऱ्या दिवशीच संपतं. करार तयार होतो आणि त्या ॲप फोनमधून काढून टाकतात. त्यांच्या लेखी विषय संपला. पण ॲप काढल्याने सबस्क्रिप्शन रद्द होत नाही. ॲप फोनमध्ये असतं, सबस्क्रिप्शन त्यांच्या ॲप स्टोअरच्या खात्यात असतं किंवा कंपनीच्या बिलिंग खात्यात असतं. ही सगळ्यात जास्त होणारी गफलत आहे, आणि हिला ग्राहकाचा निष्काळजीपणा म्हणायला मी तयार नाही. वस्तू परत केली म्हणजे व्यवहार संपला, ही समजूत अगदी स्वाभाविक आहे. ती इथे लागू होत नाही हे सांगायची जबाबदारी ज्याने ही रचना केली त्याची आहे.

मुदतीचा हिशेबही वाटतो तितका सरळ नसतो. सात दिवस म्हणजे १० तारखेची रात्र, असं कुणीही धरेल. पण ॲपलच्या ॲप स्टोअरवरून घेतलेली ट्रायल पुढे चालू ठेवायची नसेल, तर ती संपण्याच्या किमान २४ तास आधी रद्द करावी लागते. म्हणजे बाईंसाठी खरी मुदत ९ तारखेच्या रात्री ९ वाजून ४० मिनिटांना संपते. सात दिवसांच्या ट्रायलमध्ये निर्णयाला सहाच दिवस मिळतात. कंपनीच्या वेबसाइटवरून ट्रायल घेतली असेल तर वेगळी गंमत असते. तिथे संपण्याची वेळ सेकंदापर्यंत नोंदलेली असते, आणि आपल्याला ईमेलमध्ये फक्त तारीख कळवली जाते. ती तारीख आपल्या घड्याळाची की कंपनीच्या मुख्यालयाच्या घड्याळाची, हे बहुधा लिहिलेलं नसतं. शेवटच्या दिवशी संध्याकाळी रद्द करू म्हणणारा माणूस नेमका इथे फसतो.

मग पहिल्याच दिवशी रद्द का करू नये? करावं, आणि मी सगळ्यांना तेच सांगतो. बऱ्याच ठिकाणी रद्द केल्यानंतरही सात दिवस सेवा चालू राहते. पण काही सेवा रद्द करताच त्या क्षणी बंद होतात. सावध राहणाऱ्यालाच असं उरलेले दिवस गमवावे लागतात, आणि शेवटपर्यंत थांबायची जोखीम घेणाऱ्याला पूर्ण मुदत मिळते. ट्रायल खरोखर वस्तू पारखण्यासाठी असती, तर ही अट घालायचं काहीच कारण नव्हतं.

१० तारीख उजाडते. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सबस्क्रिप्शनची स्थिती आपोआप 'ट्रायल'वरून 'चालू' होते, बिल तयार होतं आणि कार्डावर वसुली पाठवली जाते. कार्डात पैसे नसले किंवा बँकेने नकार दिला तरी प्रकरण मिटत नाही. पुढचे काही दिवस ठराविक अंतराने पुन्हा प्रयत्न होत राहतात, आणि कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी वसुली यशस्वी होण्याची शक्यता जास्त आहे याचा अंदाज बांधून ती वेळ निवडण्याची सोयही या सॉफ्टवेअरमध्ये असते. कार्ड हरवलं म्हणून बदलून घेतलं तरी सुटका होईलच असं नाही. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोघांकडेही जुन्या कार्डाच्या जागी आलेल्या नव्या कार्डाचा तपशील विक्रेत्यापर्यंत पोहोचवणारी सेवा आहे. सहभागी बँकेने कळवलं की साठवलेला नंबर परस्पर अद्ययावत होतो. नेहमीच्या वर्गणीदारासाठी ही सोय खरोखर उपयोगी आहे. मात्र 'कार्डच बदलून टाकू म्हणजे झालं' असं म्हणणाऱ्याने तिच्यावर विसंबू नये.

बाईंना हे कळतं ते महिन्याअखेरीस स्टेटमेंट पाहताना. तिथे ॲपचं नाव नसतं. ते चालवणाऱ्या कंपनीचं किंवा मधल्या पेमेंट कंपनीचं नाव असतं, तेही अर्धवट, मोठ्या इंग्रजी अक्षरांत. ते काय आहे हे शोधण्यातच पहिला तास जातो. वर्षाची रक्कम एकदम गेलेली असते. मासिक योजना असती तर चूक एका महिन्याची झाली असती. आधीच निवडून ठेवलेल्या त्या चौकटीने ती बारा महिन्यांची केली.

बँकेकडे तक्रार करता येते, पण तिथे कागद कंपनीच्या बाजूने बोलतात. अमुक तारखेला, अमुक वेळी, अमुक आयपी पत्त्यावरून अटी मान्य केल्याची खूण, ओटीपी यशस्वी झाल्याची नोंद, ट्रायलच्या काळात सेवा वापरल्याचा पुरावा, हे सगळं कंपनी काही मिनिटांत काढून देऊ शकते. ग्राहकाच्या हातात रद्द केल्याची पोच असेल तर त्याची बाजू भक्कम होते, कारण रद्द केल्यानंतर झालेली वसुली हे तक्रारीचं मान्य कारण आहे. पण त्याने रद्द केलंच नसेल, तो नुसता विसरला असेल, तर नियमांच्या चौकटीत त्याला सांगण्यासारखं फारसं उरत नाही. म्हणून मला बँकेच्या तक्रारखिडकीपेक्षा साइनअपच्या स्क्रीनकडे बोट दाखवावंसं वाटतं.

कंपन्यांची बाजू मी ऐकली आहे आणि ती पोकळ नाही. पहिला मुद्दा फसवणुकीचा. कार्ड मागितलं नाही तर एकच माणूस दहा ईमेल पत्त्यांवरून दहा ट्रायल घेतो. ज्या सेवेत प्रत्येक वापरामागे सर्व्हरचा खरा खर्च येतो, तिथे हा तोटा गंभीर असतो. हे मला मान्य आहे. पण त्यासाठी लागते ती ओळख, आणि ओळखीसाठी कार्ड तपासणं पुरेसं आहे. एकाच कार्डावर दुसरी ट्रायल मागितली गेली तर ती गेटवेला ओळखता येते. कार्ड तपासणं आणि त्या कार्डातून पुढे आपोआप वसुली करणं हे दोन वेगळे अधिकार आहेत. पहिल्याची गरज दाखवून दुसरा पदरात पाडून घेतला जातो.

दुसरा मुद्दा असा की कार्ड देणारा ग्राहक गंभीर असतो, बाकीचे नुसतेच डोकावून जातात. यात तथ्य आहे. कार्ड न मागणाऱ्या ट्रायलमध्ये येणारे जास्त असतात आणि त्यांतले पैसे देऊन थांबणारे प्रमाणाने कमी असतात, हे या क्षेत्रात काम करणारा प्रत्येक जण जाणतो. पण कार्ड घेतलेल्या ट्रायलमधून 'थांबलेल्या' ग्राहकांच्या आकड्यात सेवा आवडलेले किती आणि विसरलेले किती, हे तो आकडा सांगत नाही. दोघेही एकाच रकान्यात मोजले जातात. कंपनीच्या बैठकीत तो रकाना सेवेच्या गुणवत्तेचा पुरावा म्हणून मांडला जातो. यात ग्राहकाचं नुकसान तर आहेच, पण कंपनीही स्वतःच्या मालाबद्दल चुकीची समजूत करून घेते.

विसरण्याचा हा वाटा किती मोठा असू शकतो, याचं मोजमाप झालेलं आहे. लिरन एनाव्ह, बेंजामिन क्लोपॅक आणि नील महोनी या अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये दहा लोकप्रिय सबस्क्रिप्शन सेवांचा कार्डाच्या व्यवहारांवरून अभ्यास केला. त्यांची युक्ती साधी होती. कार्ड बदललं जातं तेव्हा अनेकांना नवा नंबर स्वतःहून भरावा लागतो, म्हणजे सेवा हवी की नको याचा निर्णय त्या वेळी खरोखर घ्यावा लागतो. नेमक्या त्याच वेळी सेवा सोडणाऱ्यांचं प्रमाण एकदम वाढलेलं दिसलं. ग्राहक दर वेळी जागेपणी निर्णय घेत असते तर जितकं उत्पन्न आलं असतं, त्यापेक्षा ग्राहकांच्या दुर्लक्षामुळे या सेवांचं उत्पन्न १४ टक्क्यांपासून २०० टक्क्यांहून अधिक वाढतं, असा त्यांचा अंदाज आहे. सेवासेवांमधला हा फरक बोलका आहे. काहींना ग्राहकांच्या विसरण्यातून थोडाच लाभ होतो, तर काहींचा धंदा बहुतांशी त्याच्यावरच उभा आहे.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो. सेवा आवडली आहे, काम चालू आहे, आणि ट्रायल संपली म्हणून मध्येच सगळं बंद पडलं तर ग्राहकाचीच गैरसोय होते. आपोआप पुढे चालू राहणं काहींना खरंच हवं असतं. मग त्यांना तसं निवडू द्या. साइनअपच्या वेळी सरळ दोन पर्याय ठेवा, 'मुदत संपल्यावर आपोआप चालू ठेवा' आणि 'मुदत संपल्यावर आपोआप थांबवा', आणि कोणतीही खूण आधीच करून ठेवू नका. ज्याला सातत्य हवं आहे तो पहिला पर्याय निवडेल. तो निवडताना वसुलीची तारीख आणि पूर्ण रक्कम त्याच्यासमोर असेल, आणि तो होकार मी खरा मानेन.

हे तंत्राच्या दृष्टीने अवघड आहे असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. स्ट्राइप ही जगभर वापरली जाणारी पेमेंट सेवा घ्या. तिच्या चेकआउटमध्ये कार्डाविना ट्रायल सुरू करण्याची आणि मुदतीपर्यंत कार्ड मिळालं नाही तर सबस्क्रिप्शन आपोआप रद्द करण्याची सोय तयार आहे. ती अशी लिहितात:

```
mode: "subscription",
payment_method_collection: "if_required",
subscription_data: {
  trial_period_days: 7,
  trial_settings: {
    end_behavior: {
      missing_payment_method: "cancel"
    }
  }
}
```

दुसऱ्या ओळीचा अर्थ, आज काही देणं नसेल तर कार्ड मागू नकोस. शेवटून चौथ्या ओळीत म्हटलं आहे की ट्रायलअखेर कार्ड नसेल तर रद्द कर. `cancel` ऐवजी `pause` लिहिलं तर सबस्क्रिप्शन नुसतं थांबतं आणि ग्राहकाने नंतर कार्ड दिलं की तिथून पुढे चालू करता येतं. म्हणजे मध्येच काम अडण्याच्या भीतीवरही उत्तर आहे. ट्रायल संपायच्या तीन दिवस आधी हीच यंत्रणा कंपनीच्या सर्व्हरला `customer.subscription.trial_will_end` असा संदेश पाठवते. तो मिळाल्यावर ग्राहकाला आठवण करायची की गप्प बसायचं, हे कंपनी ठरवते. कार्ड आधी मागणं हा तंत्राचा नाइलाज नसून कंपनीने घेतलेला निर्णय आहे, आणि निर्णयाचा जाब विचारता येतो.

नियम करणाऱ्यांनी याकडे पाहिलंच नाही असं नाही, पण बहुतेकांनी अर्ध्या वाटेवर मुक्काम केला आहे. व्हिसाने एप्रिल २०२० पासून मोफत ट्रायल देणाऱ्या विक्रेत्यांसाठी वेगळ्या अटी घातल्या. साइनअपच्या वेळी काही आकारलं नसलं तरी अटींसह पोच पाठवायची, ऑनलाइन रद्द करण्याचा दुवा द्यायचा, आणि ट्रायल संपून वसुली होण्याच्या किमान सात दिवस आधी आठवण करायची. अटी चांगल्या आहेत. पण सात दिवसांच्याच ट्रायलला सात दिवस आधीची आठवण कधी होणार? साइनअपच्याच दिवशी. तेव्हा वर्गणीबद्दल आठवून देण्यासारखं अजून काही घडलेलंच नसतं.

भारतात रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार कार्डावरच्या आपोआप वसुलीआधी किमान २४ तास बँकेने ग्राहकाला कळवावं लागतं, आणि तो व्यवहार किंवा सगळी परवानगीच नाकारण्याची सोय द्यावी लागते. मला हा नियम इतर अनेकांपेक्षा चांगला वाटतो, कारण कळवण्याचं काम ज्याला वसुलीतून फायदा होतो त्याच्याकडे न ठेवता बँकेकडे दिलं आहे आणि त्या मेसेजमध्ये शून्याऐवजी खरी रक्कम असते. २०२३ च्या नोव्हेंबरात भारताच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनांविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. मोफत सबस्क्रिप्शनसाठी पेमेंटचा तपशील किंवा आपोआप वसुलीची परवानगी द्यायला भाग पाडणं, याचा समावेश त्यांत सबस्क्रिप्शनच्या सापळ्यात केलेला आहे. इतक्या थेट शब्दांत ही पद्धत नोंदवणारा मजकूर मला दुसरीकडे क्वचितच दिसला.

तरीही २४ तास आधीचा मेसेज म्हणजे पुन्हा नकार देण्याची संधीच. माणूस प्रवासात असेल, आजारी असेल, मेसेज जाहिरातींच्या गर्दीत बुडाला असेल, तर त्याचं मौन होकारात मोजलं जातं. माझं भांडण या मौनाच्या अर्थाशी आहे. आठवण कितीही वेळा केली तरी हा अर्थ बदलत नाही.

तो बदलता येतो हे मास्टरकार्डने दाखवून दिलं आहे. २०१९ च्या सुरुवातीला जाहीर केलेल्या नियमात तिने म्हटलं की मोफत ट्रायल संपल्यावर वसुली सुरू करण्याआधी विक्रेत्याने ग्राहकाची संमती नव्याने घ्यावी. रक्कम, वसुलीची तारीख, विक्रेत्याचं नाव आणि रद्द कसं करायचं, हे ईमेल किंवा मेसेजने कळवावं. मी मागतो आहे ते यापेक्षा वेगळं काही नाही. पण तो नियम त्वचेची प्रसाधनं, आरोग्याची उत्पादनं अशा हातात येणाऱ्या वस्तूंच्या ट्रायलपुरताच ठेवला गेला. ॲप, व्हिडिओ, सॉफ्टवेअर त्यातून बाहेर राहिले.

हा भेद मला कोणत्याही बाजूने पटत नाही. क्रीमची डबी दर महिन्याला दारात येते तेव्हा निदान ती दिसते. आपण मागवलं नव्हतं, मग हे आलं कसं, असा प्रश्न पडतो आणि माणूस चौकशी करतो. डिजिटल सेवेची वसुली चालू असल्याची खूण स्टेटमेंटमधल्या त्या एका अर्धवट ओळीखेरीज कुठेच नसते. ॲप फोनमध्ये नाही, घरात काही आलेलं नाही, आणि तरी वर्षामागून वर्ष पैसे जाऊ शकतात. नव्याने विचारण्याची गरज जिथे जास्त आहे, तिथेच ती अट काढून घेतली गेली.

नव्याने विचारल्याने कंपन्या बुडतील, ही भीतीही तपासून पाहावी. क्लाउस मिलर, नवदीप साहनी आणि अवनेर स्ट्रुलोव-श्लैन यांनी एका युरोपीय वृत्तपत्राच्या वाचकांवर प्रयोग केला. काहींना सवलतीची वर्गणी आपोआप पुढे चालू राहणारी देऊ केली, काहींना आपोआप थांबणारी. आपोआप पुढे चालणाऱ्या वर्गणीला सुरुवातीलाच नाही म्हणणारे लक्षणीय निघाले. आपण विसरू हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते दारातूनच परतले. या पद्धतीने गमावलेला ग्राहक कंपनीच्या हिशेबात दिसत नाही, कारण तो आत आलेलाच नसतो. विसरलेल्याकडून मिळालेली रक्कम मात्र लगेच दिसते. चांगली सेवा देणाऱ्या कंपन्यांनी निदान स्वतःच्या हितासाठी हा दुसरा रकाना मांडून बघावा.

नव्याने घेतलेला होकार प्रत्यक्षात कसा असावा, हेही मला नेमकं सांगायचं आहे, कारण 'पारदर्शकता' म्हणून सोडून दिलं की त्यातून पुन्हा एक फिकट राखाडी ओळ जन्माला येते. ट्रायल संपताना ग्राहकाला एक संदेश जावा. त्यात आज कापली जाणारी पूर्ण रक्कम असावी. वर्षाची वसुली असेल तर वर्षाचाच आकडा ठळक असावा, त्याचे बारा तुकडे करून दाखवू नयेत. बँकेचं प्रमाणीकरण त्या रकमेवर व्हावं, म्हणजे ओटीपीच्या मेसेजमध्ये तोच आकडा दिसेल आणि आपली ती जुनी राखण खऱ्या आकड्यासमोर उभी राहील. उत्तर आलं नाही तर खातं थांबावं, पण त्यातलं काम आणि फाइली निदान महिनाभर जपून ठेवाव्यात, म्हणजे उशिरा लक्षात आलेल्या खऱ्या ग्राहकाचं नुकसान होणार नाही. कार्ड ओळखीसाठी आधी घ्यायचं असेल तर घ्यावं, मात्र त्या तपासणीच्या जोरावर वसुलीचा व्यवहार पाठवण्याची मुभा नेटवर्कने देऊ नये. यातली शेवटची अट व्हिसा आणि मास्टरकार्डच्या हातात आहे. वस्तूंच्या बाबतीत एकाने ती घालून दाखवली आहे, त्यामुळे नवा कायदा होईपर्यंत थांबायची गरज नाही.

तोवर आपल्या हातात जे आहे ते असं. ट्रायल घेतल्या दिवशीच रद्द करावी, रद्द केल्याच्या स्क्रीनचा फोटो आणि ईमेल जपून ठेवावा, आणि ॲप काढण्याआधी सबस्क्रिप्शन नक्की कुठल्या खात्यात आहे ते बघावं. रद्द करताच सेवा बंद होते का, हे कंपनीला लेखी विचारावं. पैसे गेलेच तर आधी कंपनीकडे परतावा मागावा. वर्षाची रक्कम नुकतीच गेली असेल आणि त्यानंतर सेवा वापरली नसेल, तर पुष्कळ कंपन्या वाद न वाढवता पैसे परत करतात, कारण बँकेमार्फत आलेली तक्रार त्यांना फीच्या आणि नेटवर्ककडच्या नोंदीच्या रूपाने महाग पडते. ही गोष्ट त्या आपणहून कधी सांगत नाहीत, मागावी लागते.

त्या बाईंनी पत्र लिहिलं तर त्यांनाही कदाचित पैसे मिळतील. पण त्याच महिन्यात त्याच बटणावरून आत आलेल्या आणि स्टेटमेंट कधीच न उघडणाऱ्या बाकीच्यांचं काय, हा प्रश्न परताव्याने सुटत नाही. तो सुटेल ट्रायलच्या शेवटच्या दिवशी, रक्कम दाखवून विचारल्याने.